दहा पैशांची पायरी, पासष्टचा गठ्ठा

रुपयाचे शंभर पैसे होतात, पण शेअर बाजारात प्रत्येक पैशावर बोली लावता येत नाही. चौदाशे रुपयांच्या आसपास चालणाऱ्या शेअरसाठी कुणी १४३३ रुपये २७ पैसे असा भाव टाकला, तर राष्ट्रीय शेअर बाजाराचा संगणक ती ऑर्डर परत पाठवतो. १४३३.२० चालेल, १४३३.३० चालेल, मधले काहीही चालणार नाही. भावाच्या या लहानात लहान पायरीला बाजारात ‘टिक’ म्हणतात. नगांनाही अशीच अट असते. निफ्टीचा फ्युचर किंवा ऑप्शन घ्यायचा तर एक-दोन नग मिळत नाहीत, ठरलेल्या गठ्ठ्याच्या पटीतच घ्यावे लागतात. हा गठ्ठा म्हणजे ‘लॉट’.

हाताने ऑर्डर टाकणाऱ्या माणसाला या दोन गोष्टींचा फारसा त्रास होत नाही. त्याला भाव डोळ्यांसमोर दिसतात आणि तो त्यांतलाच एखादा निवडतो. ऑर्डर एखादा प्रोग्राम तयार करत असेल तेव्हा गोष्ट वेगळी होते. प्रोग्राम टक्केवारी काढतो, सरासरी काढतो, भागाकार करतो आणि त्याच्या हाती १४३३.२६५९५ असा आकडा येतो. हा आकडा पायरीवर कसा आणायचा, वरच्या की खालच्या, आणि नग आधी ठरवायचे की भाव, हे कुणीतरी नीट विचार करून लिहून ठेवावे लागते. ‘सेबी’ने फेब्रुवारी २०२५मध्ये किरकोळ गुंतवणूकदारांच्या अल्गो व्यवहारांसाठी परिपत्रक काढले. आता पुण्या-ठाण्यातल्या घरांतूनही असे प्रोग्राम ब्रोकरकडे ऑर्डरी पाठवत आहेत. त्यामुळे हा प्रश्न दलाल स्ट्रीटवरच्या मोठ्या पेढ्यांपुरता उरलेला नाही.

टिक पूर्वी सोपी होती. रोखीच्या बाजारात बहुतेक शेअरना सरसकट पाच पैसे. गंमत अशी की पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११पासून चलनातून गेली, पण बाजारात पाच पैशांची पायरी तशीच राहिली. जून २०२४मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराने अडीचशे रुपयांखालच्या शेअरसाठी ती एक पैशावर आणली. एप्रिल २०२५पासून वरच्या भावांसाठीही वेगवेगळ्या पायऱ्या आल्या. अडीचशे ते हजार रुपयांपर्यंत पाच पैसे, पाच हजारांपर्यंत दहा पैसे, दहा हजारांपर्यंत पन्नास पैसे, वीस हजारांपर्यंत एक रुपया आणि त्याहून महाग शेअरला पाच रुपये. यामागे कारण आहे. वीस हजारांच्या शेअरला पाच पैशांची पायरी म्हणजे जवळजवळ सपाट जमीनच. रांगेत आपल्यापुढे असलेल्या माणसाला मागे टाकायला कुणीही पाच पैसे जास्त देऊन पुढे जाऊ शकतो, आणि मग आधी येऊन रांगेत थांबण्याला किंमतच राहत नाही.

आता एक हिशेब सुरुवातीपासून करून पाहू. समजा, एका प्रोग्रामला सांगितले आहे की अमुक शेअर कालच्या बंद भावापेक्षा ०.३५ टक्के खाली मिळाला तर घे, खरेदीच्या सव्वा टक्का खाली स्टॉपलॉस लाव, आणि एका सौद्यात पाच हजार रुपयांपेक्षा जास्त नुकसान होऊ देऊ नकोस. कालचा बंद भाव १४३८.३०. त्याचे ०.३५ टक्के म्हणजे ५.०३४०५. वजा केल्यावर खरेदीचा भाव येतो १४३३.२६५९५.

नव्याने प्रोग्राम लिहिणारा बहुतेक वेळा हा आकडा दोन दशांश स्थळांवर आणतो, कारण पैसे दोनच स्थळांत लिहितात. उत्तर येते १४३३.२७ आणि ऑर्डर नाकारली जाते. मग तो पायरी लक्षात घेऊन शाळेत शिकलेला नियम लावतो: अर्ध्याहून जास्त असेल तर पुढची, कमी असेल तर मागची. १४३३.२६५९५ हा आकडा १४३३.३०च्या जास्त जवळ आहे, म्हणून भाव होतो १४३३.३०. बाजार ही ऑर्डर आनंदाने घेतो.

खरी चूक इथेच आहे, आणि ती दिसत नाही. माणसाने सांगितले होते की १४३३.२६५९५पेक्षा जास्त देऊ नकोस. प्रोग्रामने त्याच्या वतीने जवळजवळ साडेतीन पैसे जास्त कबूल केले. रक्कम क्षुल्लक आहे, पण मर्यादा ओलांडली गेली, आणि मर्यादा सांभाळण्यासाठीच तर लिमिट ऑर्डर असते. खरेदीचा भाव नेहमी खालच्या पायरीवर आणायचा आणि विक्रीचा वरच्या, हा यातला साधा आणि बरोबर नियम. खरेदीदाराने ठरवल्यापेक्षा जास्त देऊ नये, विक्रेत्याने ठरवल्यापेक्षा कमी घेऊ नये. म्हणून आपल्या उदाहरणात खरेदीचा भाव १४३३.२०.

याची किंमत मोजावी लागते, हेही सांगायला हवे. भाव एक पायरी खाली गेला की ऑर्डर रांगेत मागे जाते. शेअर १४३३.३०पर्यंत उतरून परत फिरला तर सौदा हुकतो. सौदा मिळणे हेच ज्याला जास्त महत्त्वाचे आहे, त्याने उलटी दिशा निवडायला हरकत नाही. मात्र ती जाणूनबुजून निवडावी. ‘जवळची पायरी’ हा नियम दर वेळी वेगळ्या बाजूला झुकतो आणि आपण नेमके काय निवडले, हे कधीच कळू देत नाही.

पुढची पायरी स्टॉपलॉसची, आणि इथे खालच्या-वरच्याचा नियम आंधळेपणाने लावला तर तो उलटतो. १४३३.२०च्या सव्वा टक्का खाली म्हणजे १४१५.२८५. विक्रीच्या स्टॉपलॉस ऑर्डरमध्ये दोन भाव द्यावे लागतात. एक ट्रिगर, म्हणजे तिथवर भाव उतरला की ऑर्डर जागी होते; आणि दुसरा लिमिट, म्हणजे जागी झाल्यावर निदान इतक्याला तरी विक. बाजाराची अट अशी की विक्रीत लिमिट ट्रिगरपेक्षा वर असता कामा नये. पाच पैशांच्या पायरीच्या काळातली सवय म्हणून अनेक प्रोग्राम लिमिट ट्रिगरच्या बरोबर पाच पैसे खाली ठेवत. त्या सवयीने लिमिट येते १४१५.२३५.

दोन्ही आकडे १४१५.२० आणि १४१५.३० या एकाच जोडीच्या मध्ये आहेत. आता समजा प्रोग्रामने ट्रिगर खालच्या पायरीवर आणला, १४१५.२०. लिमिट हा विक्रीचा भाव, म्हणून नियमाप्रमाणे वरच्या पायरीवर, १४१५.३०. लिमिट ट्रिगरच्या वर गेली, ऑर्डर नाकारली गेली. खरेदी तर झालेली आहे! म्हणजे शेअर हातात आहेत आणि त्यांच्याखाली जाळे नाही. ऑर्डर नाकारल्याची नोंद प्रोग्रामच्या लॉगमध्ये पडते, पण ती वाचायला त्या वेळी कुणी बसलेले असेलच असे नाही.

उपाय असा की दोन भाव वेगवेगळे पायरीवर आणायचेच नाहीत. आधी ट्रिगर एकदा पायरीवर आणायचा. विक्रीचा ट्रिगर वरच्या पायरीवर न्यावा, म्हणजे नुकसान थोडे लवकर थांबते: १४१५.३०. मग लिमिट त्याच्यापासून पायऱ्या मोजून ठरवायची. दहा पायऱ्या खाली म्हणायचे असेल तर दहा गुणिले दहा पैसे, म्हणजे १४१४.३०. असे केले की लिमिट आपोआप पायरीवर बसते आणि ट्रिगरच्या वर कधीच जात नाही. उद्या पायरी पन्नास पैशांची झाली तरी हिशेब मोडत नाही.

नगांचा हिशेब या सगळ्यानंतर. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण नुकसान ठरते ते बाजारात प्रत्यक्ष गेलेल्या भावांवरून, प्रोग्रामच्या मनातल्या भावांवरून नाही. १४३३.२०ला घेतलेला शेअर १४१४.३०ला विकला गेला तर एका शेअरमागे १८.९० रुपये जातात. पाच हजारांना १८.९०ने भागले की २६४.५५. शेअर अर्धा मिळत नाही, म्हणून २६४. इथेही पुढचा पूर्णांक घ्यायचा मोह होतो, पण २६५ शेअर घेतले तर नुकसान ५००८.५० होते आणि पाच हजारांची मर्यादा मोडते. २६४ शेअरचे नुकसान ४९८९.६०. भाव झपकन लिमिटच्याही खाली गेला तर ऑर्डर तशीच पडून राहील आणि हा आकडा खरा ठरणार नाही. तो धोका पायरीच्या कोणत्याही नियमाने जात नाही.

रोखीच्या बाजारात गठ्ठा बहुधा एकाच शेअरचा असतो, म्हणून नगांची चूक लहान राहते. फ्युचर आणि ऑप्शनमध्ये मात्र ती मोठी होते. निफ्टीच्या एका ऑप्शनचा प्रीमियम ११२.३५ आहे आणि तो ८४.२५ला सोडायचा आहे असे धरू. एका नगामागे २८.१० रुपयांचा धोका. निफ्टीचा लॉट ६५ नगांचा, म्हणजे एका लॉटमागे १८२६.५० रुपये. आता एखाद्या छोट्या गुंतवणूकदाराने प्रोग्रामला सांगितले की दीड हजारापेक्षा जास्त धोका नको. दीड हजार भागिले २८.१० म्हणजे ५३ नग, लॉटमध्ये ०.८२. जवळच्या पूर्णांकाचा नियम म्हणतो, एक लॉट घे. धोका ठरवल्यापेक्षा जवळजवळ २२ टक्क्यांनी वाढला.

याचे बरोबर उत्तर शून्य आहे. सौदा करायचा नाही. पण कित्येक प्रोग्राममध्ये ‘निदान एक लॉट’ अशी ओळ घातलेली सापडते, कारण शून्य नगांची ऑर्डर बाजार नाकारतो आणि लिहिणाऱ्याला ती चूक वाटते. ती चूक नाही. तेवढ्या पैशांत तो सौदा बसत नाही, एवढेच हिशेब सांगत असतो, आणि प्रोग्रामने ते ऐकून गप्प बसले पाहिजे.

लॉटचा आकडाही कायमचा नसतो. निफ्टीचा लॉट २०२४ साली एप्रिलमध्ये ५०वरून २५ झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सेबीने सांगितले की निर्देशांकाच्या कराराचे मूल्य सुरू होताना पंधरा लाखांपेक्षा कमी असू नये. निफ्टी चोवीस हजारांच्या आसपास होता. पंचवीस नगांचे सहा लाखच होत होते. म्हणून नव्या करारांचा लॉट ७५ झाला. डिसेंबर २०२५ची एक्स्पायरी उलटल्यावर तो ६५वर आला. बदलाच्या दिवसांत जुन्या लॉटचे आणि नव्या लॉटचे करार काही काळ शेजारी-शेजारी चालतात. म्हणून ‘निफ्टीचा लॉट किती’ हा प्रश्नच अपुरा आहे. प्रत्येक कराराला त्याचा स्वतःचा लॉट विचारावा लागतो.

ज्याने प्रोग्राममध्ये २५ हा आकडा लिहून ठेवला होता, त्याची ५० नगांची ऑर्डर नाकारली गेली तर ते त्याचे नशीब, कारण चूक लगेच कळली. काही ब्रोकरांच्या यंत्रणेत काही बाजारांसाठी नगांऐवजी लॉट लिहायचे असतात. तिथे जुन्या हिशेबाने ‘तीन लॉट’ लिहिणाऱ्याला पंचाहत्तर नग हवे होते आणि मिळाले असते सव्वादोनशे. अशा ऑर्डरीला नकार येत नाही.

मोठी ऑर्डर तोडतानाही गठ्ठा आडवा येतो. एका ऑर्डरमध्ये किती नग चालतील यावर बाजाराची कमाल मर्यादा असते. निफ्टीसाठी ती १८०० असताना लॉट ५०, २५ किंवा ७५ असला तरी काही अडत नव्हते, कारण १८०० या तिन्ही आकड्यांनी पूर्ण भागतात. ६५ने भागत नाहीत. चाळीस लॉट, म्हणजे २६०० नग घ्यायचे असतील तर जुना प्रोग्राम १८०० आणि ८०० असे दोन तुकडे करतो, आणि दोन्ही नाकारले जातात. आधी मर्यादाच लॉटच्या पटीत खाली आणायची: सत्तावीस लॉट, १७५५ नग. उरलेले तेरा लॉट, ८४५ नग. बेरीज बरोबर २६००.

इथपर्यंतच्या चुका विचारातल्या होत्या. एक चूक मात्र यंत्राच्या पोटातली आहे आणि ती समजून घेतल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. संगणक साधारणपणे अपूर्णांक दोनच्या पटीत साठवतो. अर्धा, पाव, आठवा हिस्सा त्याला नेमका लिहिता येतो. एक विसांश, म्हणजे आपले पाच पैसे, नेमके लिहिता येत नाहीत. आपल्याला एक तृतीयांश दशांशात लिहिताना ०.३३३ करत थांबावे लागते, तसेच त्याचे होते. तो अगदी जवळचा आकडा ठेवतो. फरक इतका सूक्ष्म असतो की भावात तो कधीच दिसत नाही, पण पायऱ्या मोजताना दिसतो.

एक्स्पायरीच्या दिवशी ऑप्शनचा प्रीमियम पंधरा पैशांवर येणे रोजचे आहे. ऑप्शनची पायरी पाच पैशांची. पंधरा पैशांत किती पायऱ्या? मूलही तीन सांगेल. पायथॉन भाषेत `0.15 / 0.05` लिहिले तर उत्तर येते `2.9999999999999996`. खरेदीचा भाव खालच्या पायरीवर आणायचा म्हणून प्रोग्राम यातला पूर्णांक घेतो, दोन. दोन पायऱ्या म्हणजे दहा पैसे. भाव आधीच पायरीवर होता, त्याला हातही लावायची गरज नव्हती, आणि तो एका फटक्यात एक तृतीयांशाने खाली आला. उलट `3 * 0.05` चे उत्तर येते `0.15000000000000002`. विक्रीसाठी वर न्यायचा नियम लावला की हाच आकडा वीस पैशांवर जाऊन बसतो.

म्हणून अनुभवी माणसे भाव रुपयांच्या अपूर्णांकात ठेवतच नाहीत, पैशांच्या पूर्णांकात ठेवतात. राष्ट्रीय शेअर बाजाराची स्वतःची यंत्रणासुद्धा ब्रोकरांशी भाव पैशांतच बोलते: १४३३.२० असे न लिहिता १४३३२०. ज्याला दशांशच वापरायचे आहेत त्याने कागदावरच्या पद्धतीने दहाच्या पटीत हिशेब करणारा प्रकार वापरावा. पायथॉनमध्ये तो तयार मिळतो:

```python
from decimal import Decimal

def to_tick(price, tick, side):
    p = Decimal(str(round(price, 6)))
    t = Decimal(str(tick))
    n = p // t
    if side == "SELL" and n * t != p:
        n += 1
    return n * t
```

यातली पहिली ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे. ती भावावर बसलेली सूक्ष्म धूळ सहाव्या दशांशाशी पुसून टाकते. ती गाळली तर `0.15000000000000002` हा आकडा जसाच्या तसा आत जातो आणि विक्रीचा भाव वीस पैसे होतोच. पुढे पायऱ्या मोजल्या जातात, आणि विक्री असेल व भाव पायरीवर नसेल तरच एक पायरी वाढवली जाते. आपले उदाहरण यात घातले तर खरेदीला १४३३.२० येतात. इथे `side` म्हणजे लिमिट भावाची बाजू. विक्रीच्या ट्रिगरलाही हीच बाजू दिली की तो वर जातो आणि १४१५.३० येतात.

हे बरोबर चालते का, हे पाहण्याची एक सोपी परीक्षा आहे. पाच पैशांपासून पाचशे रुपयांपर्यंतचा पायरीवरचा प्रत्येक भाव, म्हणजे दहा हजार आकडे, या प्रोग्राममधून काढायचे, एकदा खरेदी म्हणून आणि एकदा विक्री म्हणून. एकही आकडा हलता कामा नये. साध्या भागाकाराने लिहिलेला प्रोग्राम या परीक्षेत पंधरा पैशांवरच, म्हणजे तिसऱ्याच आकड्याला अडकतो.

पायरीवर आणलेला आकडा पुन्हा हिशेबात घ्यायचा नाही, हा आणखी एक नियम. याचे उदाहरण कॅनडातले आहे. व्हँकुव्हर शेअर बाजाराने १९८२ साली १००० अंकांवर आपला निर्देशांक सुरू केला. प्रत्येक सौद्यानंतर नवा आकडा आधीच्या आकड्यावरून काढला जाई आणि तिसऱ्या दशांशापुढचे अंक सरळ छाटले जात. दर वेळी एक हजारांशाहूनही कमी तोटा. पण दिवसात हजारो वेळा. बाजार वर जात असताना निर्देशांक मात्र खालीच येत राहिला आणि १९८३च्या नोव्हेंबरपर्यंत ५२४च्या आसपास पोचला. नव्याने हिशेब केल्यावर खरा आकडा निघाला १०९८.८९२.

भावाबरोबर वर सरकत जाणाऱ्या स्टॉपलॉसमध्ये हेच घडते. समजा प्रोग्राम दर मिनिटाला ट्रिगर सहा पैशांनी वर नेतो, पायरी दहा पैशांची आहे, आणि नवा ट्रिगर आधीच्या पायरीवर आणलेल्या ट्रिगरवरून काढला जातो. खाली आणण्याचा नियम असेल तर १४२०.०० अधिक सहा पैसे पुन्हा १४२०.००च होतात, ट्रिगर दिवसभर जागचा हलत नाही. वर नेण्याचा नियम असेल तर तो दर मिनिटाला दहा पैसे चढतो, आणि शंभर मिनिटांत सहा रुपयांऐवजी दहा रुपये वर जातो. मूळ, न छाटलेला ट्रिगर बाजूला जपून ठेवायचा, हिशेब त्याच्यावर करायचा आणि बाजारात पाठवायच्या क्षणी फक्त एकदा पायरीवर आणायचा, एवढ्याने हे टळते.

आता राहिला पायरीचा आकडा आणायचा कुठून हा प्रश्न. वर दिलेली भावांची कोष्टके प्रोग्राममध्ये लिहून ठेवावीत आणि चालू भाव पाहून पायरी ठरवावी, असे सहज वाटते. पण बाजार पायरी महिनाअखेरच्या बंद भावावरून ठरवतो आणि ती पुढचा महिनाभर तीच राहते. महिनाअखेर १०१५ला बंद झालेला शेअर मध्येच ९८५वर घसरला तरी त्याची पायरी दहा पैशांचीच असते. चालू भाव पाहणारा प्रोग्राम पाच पैसे धरून ९८५.३५ असा भाव पाठवतो आणि नकार घेऊन येतो.

बहुतेक ब्रोकर रोज सकाळी सगळ्या शेअरची आणि करारांची ताजी यादी देतात. तिच्यात `tick_size` आणि `lot_size` असे रकाने असतात, आणि खरा आकडा तोच. यादी वाचताना एक खबरदारी घ्यावी: काही याद्यांत टिक रुपयांत असते, ०.०५, काहींत पैशांत, नुसते ५. ही गल्लत झाली तर प्रोग्राम पाच रुपयांच्या पायऱ्या चढू लागतो. अशा वेळी ऑर्डरी नाकारल्या जात नाहीत, कारण पाच रुपयांची पट ही पाच पैशांचीही पट असते. म्हणून लॉगमध्ये प्रत्येक ऑर्डरचा मूळ भाव आणि पाठवलेला भाव शेजारी-शेजारी लिहावेत. दोघांतला फरक एका पायरीहून जास्त कधीच असू शकत नाही. दिसला तर प्रोग्राम त्याच क्षणी थांबवावा.

महिन्याच्या पहिल्या बाजाराच्या दिवसापासून नकार येऊ शकतात, ज्या ऑर्डरी आठवडे-महिने टांगून ठेवल्या आहेत त्यांना. पाच पैशांच्या पायरीवर ९८०.३५ला लावून ठेवलेला ट्रिगर शेअर दहा पैशांच्या गटात गेल्यावर पायरीवर राहत नाही, आणि भाव तिथे येईल तेव्हाच ते कळते. ज्यांच्या अशा ऑर्डरी ब्रोकरकडे पडून आहेत, त्यांनी त्या दिवशी सव्वानऊच्या आधी नवी यादी उघडून आपला प्रत्येक भाव आणि प्रत्येक नग तिच्याशी एकदा ताडून पाहावा.